‘जेवलास का?’ची तालीम

आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात एकदा तरी नाटक बसवले असेल. गणपतीत सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या स्नेहसंमेलनात, नाही तर कचेरीच्या वार्षिक समारंभात. आणि ते बसवताना आपण सगळ्यांनी एक गोष्ट हमखास केली असेल. समोरचा मुलगा आपले वाक्य म्हणतो, ते आपल्या कानाला बरे लागत नाही, आणि आपण खुर्चीवरून उठून म्हणतो, “अरे, असं नाही, असं म्हण!” मग आपण ते वाक्य म्हणून दाखवतो. तो आपल्यामागून म्हणतो. चार वेळा म्हटल्यावर ते बरेचसे आपल्यासारखे होते आणि आपण समाधानाने खाली बसतो.

माझा तर हा धंदाच होता म्हणा ना. मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात कविता आणि नाटके वाचून दाखवण्याचे मला वेतनच मिळते. त्यात आवाज बरा, आणि तो बरा आहे हे मला ठाऊक. महाविद्यालयाची एकांकिका माझ्याकडे आली की पात्रे आठ असली तरी आठही जण थोडेफार माझ्यासारखेच बोलत. ते माझ्या लक्षात यायला एका मुलीला फार मोठी किंमत द्यावी लागली. ती हकीकत आधी सांगतो.

२००८ साली आम्ही एका विद्यार्थ्यानेच लिहिलेली एकांकिका स्पर्धेसाठी बसवली. कथा साधी. वडिलांशी भांडून मुलगा घर सोडून गेला आहे. आईने कुणाला न सांगता त्याला पत्र टाकले आहे. सहा महिन्यांनी एका रात्री साडेअकराच्या सुमारास तो परत येतो. वडील आतल्या खोलीत झोपले आहेत. आई दार उघडते. मुलगा म्हणतो, “आई, मी आलोय.” आई त्याच्याकडे पाहते आणि एवढेच म्हणते, “जेवलास का?” लिहिणाऱ्या पोराचे मला आजही कौतुक वाटते. सहा महिन्यांचे सगळे त्याने त्या दोन शब्दांत कोंबले होते.

आईचे काम करणारी मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. चुणचुणीत, पाठांतर चोख, आणि सांगितलेले तंतोतंत ऐकणारी. तिच्या ‘जेवलास का?’वर मी तीन संध्याकाळी घालवल्या. आधी अर्धा श्वास, मग ‘जेवलास’च्या पहिल्या अक्षरावर किंचित कंप, आणि ‘का’ जवळजवळ न उच्चारल्यासारखा. माझ्या संहितेवर या सगळ्याच्या पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. तिने ते इतके हुबेहूब उचलले की तालमीत माझ्याच डोळ्यांत पाणी यायचे. स्वतःचाच आवाज ऐकून माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, हे तेव्हा मला उमगले नाही.

स्पर्धेचे नाट्यगृह मोठे होते. मुलाचे काम करणारा घाबरला, आपला आवाज मागे पोहोचणार नाही असे त्याला वाटले, आणि तालमीत जे “आई, मी आलोय” तो हळू म्हणायचा ते त्याने खणखणीत, जवळजवळ रागाने म्हटले. आता मध्यरात्र, आत नवरा झोपलेला, आणि दारात पोरगा ओरडतो आहे. कुठलीही आई काय करील? आधी त्याला गप्प करील, आतल्या खोलीकडे बघेल, दार लोटून घेईल. आमच्या आईने अर्धा श्वास घेतला, पहिल्या अक्षरावर कंप दिला आणि ‘का’ गिळला. मागून एक हसू आले. मग दुसरे. त्यानंतर ती पोर जी थिजली ती शेवटपर्यंत.

घरी येताना सौभाग्यवती म्हणाल्या, “पोरगी अगदी तुमच्यासारखीच बोलत होती हो. मिश्या तेवढ्या नव्हत्या.”

पण मला लागले ते निराळेच. विंगेत ती मुलगी माझ्याजवळ आली होती आणि तिने विचारले होते, “सर, मी तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं ना?” तिने तसेच म्हटले होते. रेसभरही फरक नव्हता. पुढच्या वर्षी ती नाटकाकडे फिरकली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. पूर्वीच्या नाटक कंपन्यांतले तालीममास्तर वाक्ये म्हणून दाखवत नसत काय? दाखवत असत. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांची ख्याती नाटककार म्हणून जेवढी, तेवढीच तालीममास्तर म्हणून. पण कंपनीतली पोरे वर्षानुवर्षे कंपनीतच राहात, जेवत, रोज रात्री थोरांची कामे विंगेतून पाहात. दाखवलेले अंगात मुरायला त्यांना उभे आयुष्य होते. आमच्याकडे असतात पाच आठवडे, संध्याकाळचे दोन तास, आणि त्यातही कुणाची तरी परीक्षा.

दुसरी गोष्ट मला माझ्याच विषयाने शिकवली. नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयात ‘काकू’ म्हणून प्रकार सांगितला आहे. (हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्ग दरवर्षी हसतो आणि मी दरवर्षी हसू देतो.) काकू म्हणजे आवाजाचा असा पालट, की शब्द तेच राहून अर्थ बदलतो. भरताने त्याचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद केले आहेत. साकांक्ष म्हणजे बोलणे संपले तरी अर्थ काही तरी मागतच राहतो. निराकांक्ष म्हणजे अर्थ पुरा झाला. ‘जेवलास का?’ व्याकरणाने प्रश्न आहे, पण त्या आईला जेवणाची माहिती हवी आहे थोडीच? तिला दुसरेच काही हवे आहे आणि ते पुढच्या माणसाकडून हवे आहे. हे मी वर्गात वर्षे न् वर्षे शिकवत होतो आणि संध्याकाळी तालमीत ती ‘आकांक्षा’ सोडून नुसता कंप शिकवत होतो.

या चुकीत मी एकटा नव्हतो, हा थोडा दिलासा. मॉस्को आर्ट थिएटरने १८९८ साली चेखॉव्हचे ‘सीगल’ केले, तेव्हा स्तानिस्लाव्हस्कीने दूर खेड्यात बसून सबंध प्रयोगाचा आराखडा आधीच लिहून काढला होता. कोण कुठे बसेल, कुठे थांबेल, कुठे उसासा टाकील, सारे त्यात होते. प्रयोग गाजला. पण त्या काळी आपण नटांशी हुकूमशहासारखे वागत होतो, अशी कबुली त्याने पुढे आत्मचरित्रात दिली. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९३०नंतरच्या वर्षांत, तो नटांना आधी वाक्ये पाठच करू देत नसे. प्रसंगात तुम्हाला काय साधायचे आहे ते आपल्या शब्दांत, हातापायांनी करून बघा, वाक्ये मागाहून, असा त्याचा खाक्या झाला.

२०२३ साली माळ्यावरून जुन्या वह्या काढताना ती संहिता सापडली. म्हटले, हीच पुन्हा बसवू. लेखकाला फोन केला, तो हो म्हणाला. मी पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसल्या आणि मनाशी ठरवले की या वेळी ‘जेवलास का?’ एकदाही म्हणून दाखवायचे नाही.

ठरवणे सोपे असते. नव्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी ते वाक्य हुंदका देऊन म्हटले. मी जीभ चावली आणि म्हणालो, “जरा कमी रड.” तिने कमी रडून म्हटले, म्हणजे हुंदका तोच, फक्त लहान. मग मी म्हणालो, “ममतेने म्हण.” त्यावर तिने जो आवाज काढला तो ऐकून मला ‘बालोद्यान’ कार्यक्रमातल्या ताई आठवल्या. चूक तिची नव्हती. ‘ममता’ ही करता येण्यासारखी गोष्टच नाही. दार उघडता येते, ताट वाढता येते, कुणाला थांबवता येते, फसवता येते, चुचकारता येते. ‘ममतेने’, ‘दुःखाने’, ‘अजून जोरात दुःखाने’ असे सांगितले की नट बिचारा ममतेचा आणि दुःखाचा आवाज शोधत बसतो. तो आवाज त्याने कुठल्या तरी सिनेमात ऐकलेला असतो.

तिसऱ्या दिवशी मी विचारले, “तुला त्याच्याकडून काय हवंय?”

“त्यानं घरात यावं.”

“तो आहे कुठं?”

तिने पाहिले. पूर्वीच्याच सवयीने मी मुलाला रंगमंचाच्या मध्यावर आणून उभे केले होते. “इथंच तर उभा आहे,” ती म्हणाली आणि हसली. मी मुलाला मागे, उंबऱ्याबाहेर नेले. एवढा एक बदल.

“आता? तो आत येणार नाही अशी भीती कशामुळं आहे?”

“बाबा उठले तर. उठले की हा तसाच परत फिरेल.”

“मग किती वेळ आहे तुझ्यापाशी?”

ती काही बोलली नाही. पुन्हा प्रसंग सुरू झाला. “आई, मी आलोय.” तिने आधी आतल्या दाराकडे पाहिले, मग त्याच्या पायांकडे, आणि घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणाली, “जेवलास का?” त्यात कंप नव्हता, हुंदका नव्हता. मासा गळाला लागावा म्हणून आमिष टाकावे तसे ते वाक्य तिने टाकले. आणि मुलाचे काम करणारा, ज्याने त्या क्षणी काय करायचे हे मी सांगितलेच नव्हते, तो उंबरा ओलांडून आत आला.

सूचना लागू पडली की नाही हे ओळखण्याची खूण मला त्या दिवशी सापडली. ज्याला सूचना दिली त्याच्याकडे बघू नये, ज्याच्याशी तो बोलतो आहे त्याच्याकडे बघावे. त्या दुसऱ्यात काही हलले, तर सूचना पोहोचली. आणि ज्याला सांगितले तो तेच, फक्त मोठ्याने करू लागला, तर आपण त्याला काही करायला दिलेच नाही असे समजावे.

एवढ्यावर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. त्या संध्याकाळी मी आनंदाच्या भरात म्हणालो, “तू आतल्या दाराकडं पाहिलंस ना, ते फार सुंदर झालं!” संपले. दुसऱ्या दिवशी तिने आतल्या दाराकडे असे पाहिले की आम्हा सगळ्यांना ते नीट दिसावे. तिसऱ्या दिवशी मान वळवून पाहिले. नवरा उठेल म्हणून बघणे राहिले बाजूला, सरांना आवडले म्हणून बघणे सुरू झाले. आपल्याकडून घडून गेलेल्या बारीक गोष्टीचे नाव घेऊन कौतुक केले की ती गोष्ट नटाच्या हातून जाते. स्तुती करायचीच तर “आज मला भीती वाटली, हा परत जाईल की काय” असे सांगावे. त्यात तिला पुन्हा करून दाखवण्यासारखे काही सापडत नाही.

आता “तसं बघू नकोस” म्हणण्यात अर्थ नव्हता. मग ती मान धरून उभी राहिली असती. मी मुलाला बाजूला घेतले आणि सांगितले, “आज ती तुला खरंच आत ओढीपर्यंत यायचं नाही.” तिला यातले काही बोललो नाही. तिने वाक्य म्हटले, तो हलेना. संहितेत पुढे वाक्य नव्हते. तिची क्षणभर तारांबळ झाली. मग तिने भिंतीला टेकवलेला पाट पायाने पुढे ओढला, त्याचा फरशीवर आवाज झाला, आणि त्या आवाजाने दचकून तिने आतल्या दाराकडे पाहिले. मुलगा आत आला. त्या पाटाबद्दल मी कोणाला काही बोललो नाही. पाट मात्र राहिला. अशी एकाला आडून सांगण्याची युक्ती लहानसहान गोष्टींपुरतीच वापरावी. हाणामारी, धक्काबुक्की, अंगाला हात लावणे असले काही असेल तिथे दोघांना सगळे आधीपासून ठाऊक हवे.

एकदा तर चार दिवस तिचे वाक्य पडत होते आणि मी तिलाच धारेवर धरत होतो. पाचव्या दिवशी ध्यानात आले की मुलगा “आई, मी आलोय” हे प्रेक्षकांना सांगतो आहे. जे तिला सांगितलेच नाही, त्याला ती उत्तर काय देणार? सूचना तिला नको होती, त्याला हवी होती. तेव्हापासून एखादे वाक्य खोटे वाटले की मी आधी त्याच्या मागचे वाक्य तपासतो.

आता कुणी म्हणेल, मग दिग्दर्शकाने तोंडच उघडू नये काय? तसेही नाही. आमच्या वडिलांच्या पात्राला एक वाक्य होते, “मी त्याला बोलावलं नव्हतं.” पत्र कुणी धाडले, याचा त्यांना बायकोवर संशय आहे. मुलगा जोर ‘बोलावलं’वर द्यायचा, त्यामुळे आलेल्याला हाकलण्याचा अर्थ निघायचा. पूर्वीचा मी लगेच ‘मी’वर जोर देऊन म्हणून दाखवले असते. या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या त्याला विचारले, “मग कुणी बोलावलं?” तो ताडकन म्हणाला, “मी त्याला बोलावलं नव्हतं.” जोर आपोआप जागेवर गेला, कारण तसे उत्तर देण्याखेरीज गत्यंतरच नव्हते. उलट “बोलावलंत, आणि आता हाकलता?” असे विचारले असते, तर जोर ‘बोलावलं नव्हतं’वर गेला असता. वाक्य म्हणून दाखवण्यापेक्षा, ते ज्याचे उत्तर आहे तो प्रश्न शोधावा. घरी करून पाहा.

त्याच वाक्याची दुसरी खोड वेगळी होती. मुलगा वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायचा. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याहून शेवटी, तेव्हा मागच्या रांगेला ऐकू येई, “मी त्याला बोलावलं”! सगळ्या नाटकाचा अर्थच उलटा. असल्या ठिकाणी भिडस्तपणा कामाचा नाही. “शेवटचा शब्द ऐकू येत नाही” असे सरळ सांगावे. ‘चमचा’तला दुसरा ‘च’ कसा म्हणायचा, तेही सरळ म्हणून दाखवावे. तो भाषेचा प्रश्न आहे, पात्राचा नाही. आणि खरे सांगायचे तर दोन वाक्यांचे काम करणारा एक शेजारी होता, त्याच्यापुढे माझे सगळे प्रश्न हरले. शेवटी त्याला दोन्ही वाक्ये म्हणून दाखवली. त्याने ती म्हटली आणि कुणाचे काही बिघडले नाही.

पूर्ण तालीम चालू असताना मी आता मध्ये थांबवत नाही. वहीत लिहितो. एका तालमीत तीस-चाळीस टिपणे सहज होतात, पण तिथल्या तिथे वाचत नाही. रात्री घरी ती पुन्हा पाहिली की निम्म्याहून अधिक खोडावीशी वाटतात. त्यातल्या काही गोष्टी दुसऱ्या दिवशी आपणच सुटलेल्या असतात. एकेकाला एक, फार तर दोन सांगतो, आणि सांगताना उपाय सांगत नाही, मला काय दिसले ते सांगतो. “तू दार उघडलंस तेव्हा मला वाटलं, हा कालच येऊन गेला होता.” एवढे पुरते. सहा महिने तिने कसे काढले याचा हिशेब ती स्वतः करते, आणि तो माझ्यापेक्षा चांगला करते. प्रयोगाच्या दिवशी टिपणे बंद. त्या दिवशी मी फक्त दाराची कडी तपासतो.

ती कडीच त्या रात्री अडकली. स्पर्धेत मुलाने दार ढकलले, उघडेना, मग धाडकन उघडले आणि भिंतीवर आपटले. माझ्या पोटात गोळा आला. पंधरा वर्षांपूर्वीचे ते हसू माझ्या कानात वाजू लागले. “आई, मी—” एवढे तो बोलतो न बोलतो तोच आमच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि आतल्या दाराकडे पाहात ती तशीच उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. मला तरी तो फार वाटला. आतून काही आवाज नाही. मग तिने हात काढला आणि इतक्या हळू म्हणाली, “जेवलास का?”, की हे मागे पोहोचले नाही अशी माझी खात्रीच झाली.

सौभाग्यवती शेवटून दुसऱ्या रांगेत होत्या. नंतर त्यांना विचारले, “ते वाक्य ऐकू आलं का?”

“कुठलं?”

“जेवलास का.”

“न यायला काय झालं? सगळं थिएटर गप्प होतं की.”

क्रमांक आमचा आला नाही. परीक्षकांच्या मते उत्तरार्ध रेंगाळला होता आणि ते खरेही होते. मध्यरात्रीनंतरच्या प्रवेशाला मी पुरेसा वेळ दिलाच नव्हता. तो प्रवेश आता नव्याने बसवतो आहे, कारण येत्या जानेवारीत महाविद्यालयाच्या संमेलनात हीच एकांकिका पुन्हा करायची आहे. २००८ सालच्या त्या मुलीचा पत्ता लेखकाकडून मिळाला. तिला निमंत्रण पाठवले आहे. मुलाची चाचणी परीक्षा त्याच आठवड्यात आहे, पण जमल्यास येईन, असे तिचे उत्तर आले आहे.